अपुऱ्या वर्षाचा बोनस : हिशेब कुठे चुकतो?

दिवाळीच्या सुमारास आस्थापनांमध्ये बोनसची घोषणा होते, ती बहुधा 'एक महिन्याचे मूळ वेतन' वा 'दोन महिन्यांचे मूळ वेतन' अशा सुटसुटीत शब्दांत. वर्षभर काम केलेल्याच्या बाबतीत त्यात संदिग्धता नसते. वर्षाच्या मध्यावर रुजू झालेल्याला मात्र त्यातील किती वाटा मिळावा, या प्रश्नाचे उत्तर या शब्दांत नसते. वाद उद्भवतात ते तेथेच.

कायद्याने ही अडचण सोप्या रीतीने सोडवली आहे. १९६५ च्या बोनस कायद्याने किमान बोनस प्रारंभी चार टक्के ठरवला होता. पुढे तो ८.३३ टक्के झाला. हा आकडा म्हणजे एकाचा बारावा भाग, अर्थात वर्षाच्या वेतनातील एक महिना. टक्केवारी त्या वर्षी प्रत्यक्ष कमावलेल्या वेतनावर लावायची असल्याने सात महिने काम करणाऱ्याचा बोनस आपोआप सात महिन्यांपुरताच निघतो. हा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेत सामावला गेला, ८.३३ टक्क्यांचा किमान दर आणि वर्षात किमान तीस दिवस कामाची अट तिच्यातही कायम आहे.

कायद्याच्या वेतनमर्यादेपलीकडील कर्मचाऱ्यांचा बोनस मात्र नेमणूकपत्रावर अवलंबून असतो. उदाहरणार्थ, वर्षाला दोन महिन्यांचे मूळ वेतन बोनस देणाऱ्या एखाद्या कंपनीत एक कर्मचारी १६ ऑगस्ट २०२४ रोजी तीस हजार रुपये मूळ वेतनावर रुजू झाला. हिशेबाचे वर्ष एप्रिल ते मार्च. पूर्ण वर्षाचा बोनस साठ हजार रुपये. दिवसांनी मोजले, तर ३१ मार्चपर्यंत २२८ दिवस भरतात आणि बोनस सुमारे ३७,४७९ रुपये होतो. केवळ पूर्ण झालेले सात महिने धरले, तर ३५ हजार. अर्धा ऑगस्टही पूर्ण महिना मानला, तर ४० हजार. तिन्ही रीती प्रचारात आहेत. कोणती लागू, हे लेखी नसेल तर पाच हजारांचा फरक लेखा विभागाच्या मर्जीवर राहतो. केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांच्या तदर्थ बोनसबाबत ही मोकळीक ठेवलेली नाही. ३१ मार्च रोजी किमान सहा महिन्यांची सलग सेवा हवी आणि सेवेचे महिने जवळच्या पूर्ण संख्येत धरून त्या प्रमाणात रक्कम द्यावी, असा नियम आहे.

दुसरा पेच वेतनवाढीचा. याच कर्मचाऱ्याचे मूळ वेतन १ जानेवारी २०२५ पासून ३६ हजार झाले असे समजू. अखेरचे वेतन आधार धरून साडेसात महिन्यांचा वाटा काढल्यास ४५ हजार रुपये येतात. प्रत्यक्ष कमाई मात्र साडेचार महिने तीस हजारांनी आणि तीन महिने ३६ हजारांनी, मिळून २,४३,००० रुपये आहे. दोन महिन्यांचा बोनस म्हणजे या कमाईचा सहावा भाग, अर्थात ४०,५०० रुपये. 'मूळ वेतन' म्हणजे अखेरचे की कमावलेले, या एका शब्दावर साडेचार हजार रुपये अवलंबून असतात.

सर्वांत महागडी चूक यानंतरची. कमावलेल्या वेतनावर बोनस काढल्यावर त्यालाच पुन्हा साडेसात भागिले बाराने गुणले जाते. अपुऱ्या वर्षाची कपात अशी दोनदा होते आणि ४०,५०० रुपयांचे २५,३१२ उरतात. ही चूक ओळखणे कठीण नाही. मिळालेल्या बोनसला वर्षातील एकूण मूळ वेतनाने भागावे. दोन महिन्यांच्या बोनससाठी उत्तर सुमारे १६.६७ टक्के यायला हवे. येथे ते जेमतेम १०.४ टक्के येते.

बिनपगारी रजेलाही हाच न्याय लागतो. त्या दिवसांचे वेतन कमाईत नसतेच. त्यामुळे ते दिवस पुन्हा वजा करणे गैर ठरते. भरपगारी रजा आणि वेतनासह प्रसूती रजा यांचे दिवस मात्र कायद्याने कामाचेच मानले आहेत.

अखेरचा प्रश्न मध्येच नोकरी सोडणाऱ्यांचा. 'वाटपाच्या दिवशी हजेरीपटावर असणाऱ्यांनाच बोनस' अशी अट कंपनी आपल्या स्वेच्छेच्या बोनसला घालू शकते. कायद्याने देय असलेल्या बोनसचे तसे नाही. तीस दिवस काम केलेल्या पात्र कर्मचाऱ्याने राजीनामा दिला, तरी त्याचा वाटा बुडत नाही. फसवणूक, चोरी वा हिंसक वर्तन यांसारख्या कारणांवरून बडतर्फी झाली तरच तो गमवावा लागतो. म्हणून हाती आलेल्या रकमेवर सही करण्यापूर्वी दोन गोष्टी पडताळणे हिताचे : बोनस कायद्याचा आहे की कराराचा, आणि तो कोणत्या वेतनावर मोजला आहे.