हप्ता चुकण्याआधी लिहायचं पत्र

गोंदिया जिल्ह्यातून शिकायला आणि नोकरीला बाहेर पडणाऱ्या अनेक मुलामुलींच्या मागे एक शैक्षणिक कर्ज असतं. नोकरी पुण्यात किंवा हैदराबादला, आणि कर्ज मात्र तिरोडा, आमगाव नाहीतर अर्जुनी मोरगावच्या शाखेत, वडिलांच्या सहीनं घेतलेलं. नोकरी अचानक गेली की आपण सगळं करतो: रिझ्युमे बदलतो, ओळखीच्यांना फोन करतो, रूम पार्टनरकडून उसने घेतो. एकच गोष्ट करत नाही. बँकेला पत्र लिहीत नाही. "दोन महिन्यांत दुसरी नोकरी लागेलच, उगाच बँकेला कशाला सांगायचं?" असं म्हणत थांबतो. माझं म्हणणं सरळ आहे: हे थांबणंच सगळ्यात महाग पडतं. पत्र पहिला हप्ता चुकण्याआधी गेलं पाहिजे, आणि त्यात विनवणी नको, नेमकी मागणी हवी.

आधी एक गोष्ट, जी कर्ज घेताना फारसं कुणी सांगत नाही. बहुतेक सरकारी बँकांचं शैक्षणिक कर्ज इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेवर बेतलेलं असतं. शिक्षण चालू असताना आणि नंतर एक वर्ष हप्ता नसतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण 2015 मध्ये सुधारलेल्या योजनेत आणखी एक तरतूद आहे. कर्जदार बेरोजगार झाला किंवा अगदी कमी पगारावर आला, तर कर्जाच्या काळात दोन-तीन वेळा हप्त्यांना सवलतीचा काळ देता येतो. परतफेडीची मुदतही 15 वर्षांपर्यंत नेता येते. म्हणजे तुम्ही जे मागणार आहात, त्याची सोय योजनेतच आहे. अर्थात हा हक्क नाही. आदर्श योजना प्रत्येक बँक आपल्या पद्धतीनं लागू करते, आणि खासगी वित्त कंपनीचं कर्ज असेल तर तिथला करारच पाहावा लागतो. पण मागितल्याशिवाय हे कुणी देत नाही, हे नक्की.

इथे काहींना 2020 आठवतं. कोरोनात रिझर्व्ह बँकेनं 1 मार्च ते 31 ऑगस्ट 2020 या काळातले हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती. ती सगळ्यांसाठी होती आणि ती खिडकी कधीच बंद झाली. आता प्रत्येक खात्याचा निर्णय वेगळा होतो, म्हणून तुमच्या पत्रात तुमचेच आकडे लागतात.

एक उदाहरण धरू. समजा, तिरोडा तालुक्यातली एक मुलगी पुण्यात नोकरी करते. 20 जूनला कंपनीनं तिला कमी केलं. हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेला जातो. जूनच्या पगारातून जुलैचा हप्ता तिनं भरला. त्यानंतर बाकी राहिली 5 लाख रुपये, व्याजदर 10 टक्के आणि उरलेले हप्ते 84. हप्ता साधारण 8,300 रुपयांचा. ती गावी परत आली आणि शिकवण्या घेऊन महिन्याला 6,000 रुपये मिळवू लागली.

ती गप्प बसली तर काय होईल? 5 ऑगस्टचा हप्ता परत जाईल. खात्यात पैसे नव्हते म्हणून तिची बँक दंड लावेल, आणि कर्ज देणारी बँक आपला वेगळा. त्या दिवसापासून थकबाकीचे दिवस मोजले जातात. तीस दिवस, साठ दिवस, आणि नव्वद दिवस ओलांडले की खातं 'एनपीए', म्हणजे अनुत्पादक. आपल्या उदाहरणात ती तारीख नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते. आपल्याकडे तेव्हा हलकं धान कापून झालेलं असतं, पण खरेदी केंद्रावरचे पैसे बापाच्या खात्यात यायचे असतात. घर नेमकं कोरडं असताना खातं बिघडतं. आणि वडील सहकर्जदार असल्यामुळे ही थकबाकी त्यांच्याही क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसते. नोकरी पोरीची गेली, पण पुढच्या वेळी बापानं कर्ज मागितलं की प्रश्न त्यालाही विचारला जातो. म्हणून ही गोष्ट घरी लपवून ठेवू नका. तसंही नव्या करारावर त्यांची सही लागतेच.

आता मागायचं काय? बहुतेक जण लिहितात, "सहा महिने हप्ता थांबवावा." ऐकायला बरं वाटतं, पण हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही. सहा महिन्यांत साधारण 25 हजार रुपये व्याज मुद्दलात मिसळतं आणि 5 लाखांचे सव्वापाच लाख होतात. त्यानंतर पुन्हा तेच 8,300 भरत राहिलात, तर सहा-सात हप्ते जास्त भरावे लागतात. एकूण खर्च वाढतो सुमारे 53 हजारांनी.

त्याऐवजी तिनं मागितलं की, "सहा महिने फक्त व्याज भरते," तर महिन्याला साधारण 4,170 रुपये लागतात. शिकवणीच्या पैशांत ते बसतं. मुद्दल 5 लाखांवरच राहतं, आणि जास्तीचा खर्च होतो साधारण 25 हजार. म्हणजे निम्म्याहून कमी. शिवाय 'मी काहीतरी भरते आहे' ही गोष्ट बँकेला तुमच्या कुठल्याही वाक्यापेक्षा जास्त पटते. हातात खरंच काही नसेल तेव्हाच पूर्ण थांबवायला सांगा. नवी नोकरी कमी पगाराची मिळाली, तर तिसरा मार्ग आहे: मुदत वाढवणं. सात वर्षांऐवजी दहा वर्षं केली की हप्ता 6,600 वर येतो, पण एकूण 95 हजारांच्या आसपास जास्त भरावे लागतात. म्हणून तो पहिल्या पत्रात मागू नका. नवा पगार कळल्यावर मागा.

पत्र साधं असावं, एका पानात संपणारं. साधारण असं:

"प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: शैक्षणिक कर्ज खाते क्रमांक अमुक, परतफेडीची फेररचना करण्याबाबत. महोदय, वरील कर्जाचे सर्व हप्ते मी जुलैपर्यंत वेळेवर भरले आहेत. 20 जून रोजी कंपनीने मला सेवेतून कमी केले. पत्राची प्रत सोबत जोडली आहे. माझा मासिक पगार 26,000 रुपये होता. सध्या शिकवणीतून महिन्याला 6,000 रुपये मिळतात. ऑगस्ट ते जानेवारी असे सहा महिने मला फक्त व्याज भरण्याची परवानगी द्यावी आणि फेब्रुवारीपासून नियमित हप्ता सुरू करून मुदत सहा महिन्यांनी वाढवावी, ही विनंती. बेरोजगारीच्या काळात सवलत देण्याची तरतूद शैक्षणिक कर्ज योजनेत आहे. नोकरी मिळताच आठ दिवसांत कळवीन. निर्णय कृपया लेखी कळवावा. सोबत: सेवामुक्तीचे पत्र, शेवटच्या तीन पगारपावत्या, सहा महिन्यांचा खातेउतारा." खाली कर्जदार आणि सहकर्जदार, दोघांच्या सह्या.

बघा, यात आजारपणाचं वर्णन नाही, "आपण मायबाप" नाही. व्यवस्थापकाला ही फाइल बहुतेक वेळा वरच्या कार्यालयाकडे पाठवावी लागते. तिथल्या माणसानं तुम्हाला कधी पाहिलेलं नसतं. त्याला हवं असतं ते एवढंच: उत्पन्न कधी थांबलं, आता किती आहे, किती भरू शकता आणि पुन्हा पूर्ण हप्ता कधीपासून.

पत्र दिलं की एका प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. तुम्ही बाहेरगावी असाल तर वडिलांना शाखेत पाठवा आणि बँकेत नोंदवलेल्या ई-मेलवरूनही तेच पत्र धाडा. गाडं अडतं ते बहुतेक इथेच. साहेब म्हणतात, "हो, बघतो," आणि आपण समजतो काम झालं. तोंडी होकार म्हणजे मंजुरी नाही. निर्णय येईपर्यंत जुना हप्ता चालूच असतो, म्हणून जमेल तेवढं, निदान व्याजाएवढं, भरत राहा. मंजुरी आली हे कसं ओळखायचं? हातात नवं हप्त्यांचं वेळापत्रक येतं, पूरक करारावर सह्या होतात आणि खात्यातून कापली जाणारी रक्कम बदलते. या तीन गोष्टी झाल्या नसतील तर पुन्हा शाखेत जा. शिवाय हेही माहीत असू द्या की फेररचनेची नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये राहू शकते आणि पुढचं कर्ज घेताना ती विचारली जाते. पण थकबाकीच्या डागापेक्षा ती बरी.

उत्तरच आलं नाही तर? बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर फुकट तक्रार करता येते. मात्र लोकपाल बँकेला फेररचना द्यायला लावत नाही, तो निर्णय बँकेचाच. अर्ज दाबून ठेवला, उत्तर दिलं नाही, वसुलीवाल्यानं सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन केले, अशा गोष्टींसाठी तो आहे.

यात बँकांचीही बाजू सांगायला हवी. कर्ज देताना आपल्याकडून पंधरा-वीस ठिकाणी सह्या घेतल्या जातात. त्याच गठ्ठ्यात एक पान असायला काय हरकत आहे, 'नोकरी गेल्यास हा अर्ज भरा'? तरतूद योजनेत आहे, पण अर्जाचा नमुना शाखेच्या काउंटरवर नाही, ही काही मुलांची चूक नाही. तोवर एक करता येईल. तुमचं कर्ज अजून चालू व्हायचं असेल किंवा पुढच्या सेमिस्टरचा हप्ता उचलायला शाखेत जाणार असाल, तर तिथेच विचारा: नोकरी गेली तर तुमच्या बँकेत सवलत किती महिन्यांची आहे आणि अर्ज कुणाकडे करायचा? उत्तर मंजुरीपत्राच्या मागे लिहून ठेवा.