उद्देश नदीचा, खर्च यंत्राचा

उल्हासनगरच्या एका महाविद्यालयात गेल्या महिन्यात संशोधन-प्रस्तावांच्या छाननीवर चर्चा झाली. तिथे एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी जे मत ठासून मांडले, ते मी गेली कित्येक वर्षे वेगवेगळ्या तोंडून ऐकत आलो आहे. परीक्षकाने विज्ञान पाहावे, अंदाजपत्रक लेखाविभागावर सोडावे. कोणता खर्च कशासाठी, हे विचारणे म्हणजे संशोधकावर अविश्वास. संशोधनात पुढे काय लागेल ते आधी कुणाला कळते? शिवाय ऑडिट असतेच. आणि शेवटचा, टाळ्या मिळवणारा मुद्दा असा की लहान गावच्या महाविद्यालयांना प्रयोगशाळा उभी करायला अनुदानाखेरीज दुसरा मार्ग नाही, मग त्यांचे आकडे उकरायचे कशाला?

या मताचा मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही. अंदाजपत्रक हा प्रस्तावाचा सर्वांत प्रामाणिक भाग असतो. उद्देशांच्या परिच्छेदात माणूस काहीही लिहू शकतो. पैसे मागताना मात्र तो खरोखर काय करणार आहे, ते त्याला सांगावेच लागते.

उदाहरण घेऊन बोलतो. आमच्या भागातून येणाऱ्या प्रस्तावांत वालधुनी नदी हा विषय वारंवार येतो आणि तो यायलाच हवा. अंबरनाथजवळच्या डोंगरांत उगम पावून, 1060 सालच्या शिवमंदिराच्या कडेने, उल्हासनगरच्या भर वस्तीतून ही नदी कल्याणकडे जाते. वाटेत तिला रासायनिक कारखान्यांचे, जीन्स रंगवणाऱ्या आणि धुणाऱ्या कारखान्यांचे आणि घरांचे सांडपाणी मिळत आले. 2014 च्या अखेरीस टँकरमधून तिच्यात सोडलेल्या रसायनामुळे उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना श्वासाच्या त्रासाने रुग्णालय गाठावे लागले. अशा नदीवरचा एक प्रस्ताव माझ्यासमोर आला होता. ओळख पटू नये म्हणून तपशील आणि आकडे बदलून तो इथे मांडतो.

उद्देश तीन. नदीतल्या पाच जड धातूंचे प्रमाण मोजणे, त्यात पाराही होता. कोणत्या नाल्यातून किती प्रदूषण येते ते ठरवणे. नागरिकांत जागृती करणे. वर्क पॅकेजही तीन. पहिल्यात आठ ठिकाणांहून दोन वर्षे दर महिन्याला सकाळी दहा वाजता नमुना घेणे. दुसऱ्यात धातूंची तपासणी. तिसऱ्यात शाळांमध्ये कार्यक्रम आणि एक मोबाइल ॲप. मागणी 42 लाखांची: उपकरणे 22 लाख, संशोधन सहायकाचे मानधन 14 लाख, रसायने व काचसामान 2 लाख, प्रवास दीड लाख, जागृती अडीच लाख. उपकरणांतले 20 लाख एकट्या एएएसचे, म्हणजे धातू मोजणाऱ्या ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोमीटरचे.

वरवर पाहिले तर सगळे जुळते. उद्देश तीन, पॅकेजे तीन. आमचे प्राध्यापक इथेच सही करून मोकळे झाले असते. पण आता दुसरा उद्देश पुन्हा वाचा: कोणत्या नाल्यातून किती. या ‘किती’चे उत्तर पाण्यातल्या धातूच्या प्रमाणाने मिळत नाही. प्रमाणाला प्रवाहाने गुणावे लागते. समजा, एका नाल्याच्या पाण्यात लिटरमागे 2 मिलिग्रॅम क्रोमियम आहे आणि त्यातून सेकंदाला 10 लिटर पाणी वाहते. म्हणजे तो नदीत सेकंदाला 20 मिलिग्रॅम क्रोमियम टाकतो. दुसऱ्या नाल्यात लिटरमागे अर्धाच मिलिग्रॅम आहे, पण तो दोन मीटर रुंद, पाव मीटर खोल आणि सेकंदाला 0.4 मीटर वेगाने वाहणारा आहे. गुणाकार करा: सेकंदाला 200 लिटर पाणी, म्हणजे 100 मिलिग्रॅम क्रोमियम. फक्त नमुना तपासणारा पहिल्या नाल्याला गुन्हेगार ठरवील. प्रत्यक्षात दुसरा पाचपट घाण टाकतो आहे. आणि या प्रस्तावात प्रवाह मोजण्याचे कामच नव्हते. ना वर्क पॅकेजमध्ये, ना अंदाजपत्रकात. प्रवाहमापक नाही, खोली मोजायची पट्टी नाही, पाण्यात उतरणाऱ्या माणसाची मजुरी नाही. एक तरंगती वस्तू आणि स्टॉपवॉच घेऊन पृष्ठभागाचा वेग काढता येतो, त्याला सुमारे 0.85 ने गुणून सरासरी वेगाचा अंदाज येतो. तेवढाही उल्लेख नव्हता. वीस लाखांचे यंत्र घेऊनही दुसरा उद्देश पहिल्याच दिवशी अशक्य ठरला होता आणि हे कळायला अंदाजपत्रकाखेरीज दुसरे काही वाचायची गरज नव्हती.

आता सकाळी दहा वाजता नमुना, याचा अर्थ पाहा. ज्याला चोरून सांडपाणी सोडायचे आहे तो सकाळी दहाची वाट पाहत नाही. रात्री दोन वाजता कुणी नदीत काही सोडले, तर त्याच 0.4 मीटर वेगाने ते सकाळी दहापर्यंत साडेअकरा किलोमीटर पुढे गेलेले असते. संशोधक बाटली बुडवतो तेव्हा तिथे दुसरेच पाणी असते. मग उपाय काय? चोवीस तास ठरावीक अंतराने थोडे थोडे पाणी गोळा करणारा स्वयंचलित नमुनासंग्राहक. त्याचीही मर्यादा आहे: सगळे पाणी एकत्र मिसळले की अर्ध्या तासाचा तीव्र झटका सरासरीत बुडून जातो. म्हणून सोबत दर पंधरा मिनिटांनी सामू आणि विद्युतवाहकता नोंदवणारा लॉगर हवा, म्हणजे झटका कधी आला ते कळेल. निदान रात्रीच्या फेरीसाठी भाड्याचे वाहन, दोन माणसे आणि नमुने थंड ठेवायची पेटी तरी हवी. प्रवासाच्या दीड लाखाचे समर्थन वाचले, तर तिथे फक्त परिषदांना जाण्याचा उल्लेख. नदीवर जायला एक रुपया नाही. नदीवरचा प्रस्ताव आणि नदीपर्यंतचा प्रवासखर्च शून्य!

यंत्राचेही तसेच. आठ ठिकाणे, चोवीस महिने, म्हणजे 192 नमुने. पाच धातू धरले तर 960 वाचने. चांगले चालणारे एएएस हे काम काही आठवड्यांत उरकते. नमुन्यामागे तीन हजार रुपये दर धरून बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासणी केली तरी खर्च 5 लाख 76 हजार. मग यंत्र का घ्यायचे? कदाचित उत्तम कारण असेल, पण ते लिहायला हवे होते. बरे, घेतलेले यंत्र चालणार तरी कसे? साध्या एएएसला दर धातूसाठी वेगळा दिवा लागतो, ॲसिटिलीनचे सिलिंडर लागते, धूर बाहेर काढणारी व्यवस्था लागते. रसायनांच्या दोन लाखांत यातले काहीच नव्हते. नदीच्या पाण्यातला पारा तर साध्या ज्वालेवर मोजताच येत नाही, त्यासाठी कोल्ड व्हेपरची जोडणी लागते. तीही यादीत नाही. म्हणजे पहिला उद्देशही अर्धाच उरला. यंत्र येईल, उद्घाटन होईल आणि पहिला सिलिंडर संपला की त्यावर कापड टाकले जाईल. अशी कापडे मी या पट्ट्यात पाहिली आहेत.

तिसऱ्या पॅकेजमधले मोबाइल ॲप कोणत्या उद्देशासाठी, हा प्रश्न एका ओळीत संपतो: कोणत्याही नाही.

इथे एक जुना वाद आठवतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी जवळपास प्रत्येक प्रस्तावात एक संगणक आणि एक प्रिंटर असे. तेव्हाही ‘संगणकाशिवाय संशोधन कसे?’ हाच प्रश्न आम्हाला विचारला जाई. संगणकाला आमचा विरोध कधीच नव्हता. तो कोणत्या कामाला लागतो, एवढेच आम्ही विचारत होतो. उत्तर तेव्हाही मिळाले नाही आणि आज संगणकाच्या जागी ॲप आले आहे.

आता बाकीच्या आक्षेपांकडे. अंदाज बदलतात, हे खरे. पण बदलायला आधी अंदाज असावा लागतो. ऑडिट पाहते, हेही खरे. पण काय पाहते? केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार भरायच्या 12-अ नमुन्यातले उपयोगिता प्रमाणपत्र पैसा मंजूर कामावर खर्च झाला का, ते सांगते. ते काम मुळात नदीच्या प्रश्नाला पुरेसे होते का, हे त्यावरून कळत नाही. एएएससाठी 20 लाख मंजूर झाले, 20 लाखांचे एएएस आले, पावती जोडली. ऑडिट समाधानी, नदी तशीच. तो प्रश्न विचारण्याची वेळ मंजुरीआधीची आणि तो विचारणारा एकच, परीक्षक.

लहान गावच्या महाविद्यालयांचा मुद्दा मला सर्वांत जास्त लागतो, कारण मी तिथलाच आहे. बदलापूरहून लोकलने मुंबईला जाऊन नमुने तपासून आणण्याचा त्रास मी भोगला आहे. पण प्रयोगशाळा हवी असेल तर प्रयोगशाळा मागा. विभागांच्या पायाभूत सुविधांसाठी फिस्टसारख्या योजना त्यासाठीच होत्या. नदीच्या नावावर यंत्र मागितले, तर यंत्र मिळते आणि नदीचा प्रश्न विचारला जात नाही. त्या यंत्रामुळे ज्याचे प्रवाहमापन मंजूर झाले नाही, तो दुसरा अर्जदारही बहुधा अशाच लहान गावचा असतो.

मग परीक्षकाने करायचे काय? माझी पद्धत एका पानाची आहे. डावीकडे उद्देश, मध्ये त्याला उत्तर देणारे मोजमाप, पुढे ते मोजमाप ज्या वर्क पॅकेजमध्ये होणार ते पॅकेज आणि उजवीकडे त्यासाठीची खर्चाची ओळ. हे पान दोन्ही बाजूंनी वाचायचे. डावीकडून वाचताना ज्या उद्देशासमोर खर्च सापडत नाही, तो होणार नाही असे समजायचे. उजवीकडून वाचताना ज्या खर्चासमोर उद्देश सापडत नाही, तो कापायचा किंवा त्याचे कारण विचारायचे. वालधुनीच्या प्रस्तावात डावीकडून प्रवाहमापन रिकामे निघाले, उजवीकडून ॲप. मी प्रस्ताव नाकारला नाही. यंत्राऐवजी बाहेरून तपासणी, रात्रीच्या फेऱ्या, प्रवाहमापन आणि लॉगर घालून सुधारून आणा, असे लिहिले. आकडेमोडीने मागणी कमी होत होती आणि तीनपैकी दोन उद्देश शक्य होत होते.

छाननीला बसणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एवढीच विनंती. पुढचा प्रस्ताव हाती आला की आधी शेवटची पाने उघडा, खर्चाची प्रत्येक ओळ वाचा आणि मग पहिल्या पानावरच्या उद्देशाकडे या. सही त्यानंतर करा.