'निकाली' म्हणजे पैसे आले असं नाही : पीएफच्या मेसेजचं मराठी नीट करा

अकोल्याच्या बॅचमध्ये दर्यापूरकडचा एक भाऊ होता. चाकणच्या एका कारखान्यात सहा वर्षं काम केलं, नोकरी सोडली, गावी येऊन लाकडी घाण्याचं तेल काढायचं ठरवलं. भांडवल म्हणजे पीएफ. हिशोब असा, की पीएफचे साधारण २ लाख १० हजार आणि पेन्शनचे ९१ हजारांच्या आसपास, मिळून तीन लाख. घाणा दीड लाखाचा.

मोबाईलवर इंग्रजीत मेसेज आला. चुलतभावाने त्याचं मराठी करून दिलं : "तुमचा पीएफचा दावा निकाली निघाला, रक्कम बँकेत पाठवली आहे." एवढ्या एका ओळीवर भाऊने घाणेवाल्याला दीड लाखाचा चेक दिला. चेक परत गेला. मला फोन आला, "सर, पैसे तं निघाले म्हनते, पन खात्यात तेवढे नाहीत. गेले कुठं?"

पैसे कुठे गेले नव्हते. नोकरी सोडल्यावर दोन अर्ज भरतात : पीएफच्या पूर्ण रकमेसाठी फॉर्म १९, आणि नोकरी दहा वर्षांपेक्षा कमी असेल तर पेन्शनच्या पैशासाठी फॉर्म १०सी. अर्ज दोन, म्हणून नंबरही दोन, आणि प्रत्येकाचा प्रवास वेगळा. भाऊचा १०सी झाला होता, ९१ हजार खात्यात आले होते. फॉर्म १९ अजून तपासणीतच होता. इंग्रजी मेसेजमध्ये फॉर्मचा नंबर लिहिलेला होता. मराठी करताना चुलतभावाला तो 'फालतू आकडा' वाटला आणि त्याने गाळला.

माझं मत स्पष्ट आहे. पैशाच्या मेसेजचं शब्दाला शब्द ठेवून मराठी करू नका. वाचणाऱ्याला एकच विचारायचं असतं : माझे पैसे या घडीला कोणाच्या हातात आहेत? मराठीतून त्याचं उत्तर मिळालं पाहिजे.

सगळ्यात घोटाळ्याचा शब्द म्हणजे "Settled". लोक त्याला 'निकाली' म्हणतात. आता आपल्याकडे तहसीलमध्ये अर्ज 'निकाली काढला' म्हणजे काय? फाईल बंद केली. तुमच्या बाजूने की विरुद्ध, ते त्यात येतच नाही. एक जण तो शब्द वाचून घाबरतो, दुसरा पेढे वाटतो. मी तिथे सरळ लिहितो : "अर्ज मंजूर झाला, पैसे बँकेकडे पाठवले." आणि पुढे दुसरं वाक्य जोडतो : "खात्यात जमा झाल्याची नोंद पासबुकात पाहा." कारण पाठवलेले पैसे परतही येतात. खातं बंद पडलेलं असेल, किंवा बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाल्यावर पीएफमध्ये जुनाच आयएफएससी राहिला असेल, तर रक्कम उलट फिरते. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, तिचे खातेदार हे चांगलं जाणतात.

"Under Process" चं 'प्रक्रियाधीन' करून काही साधत नाही. ते पाटीवर शोभतं. "अर्ज तपासणीत आहे, पैसे अजून सुटलेले नाहीत" असं लिहा. "Rejected" ला 'दावा फेटाळला' म्हटलं की माणसाला कोर्ट आठवतं, कारण आपल्या भागात दावा म्हणजे जमिनीचा नाहीतर भाऊबंदकीचा. फेटाळला म्हणजे संपलंच, असं धरून काही जण वर्षवर्ष गप्प बसतात. खरं तर अनेकदा फक्त नावात फरक असतो. म्हणून "अर्ज नामंजूर, कारण अमुक, ते दुरुस्त करून नवा अर्ज करता येतो" असं तिन्ही भाग घेऊन लिहा. नव्या अर्जाला नवा नंबर मिळतो आणि दिवसही पहिल्यापासून मोजायचे, हे सांगायला विसरू नका.

नंबरचं तर भाषांतर करायचंच नाही. अक्षरं देवनागरीत नको, आकडेही नको, मध्ये जागा नको. पोर्टलवर किंवा तक्रारीत तो जसाच्या तसा लागतो. त्याची पहिली अक्षरं कार्यालय सांगतात. भाऊचा नंबर PUPUN ने सुरू होत होता, म्हणजे पुणे. हा मात्र दर आठवड्याला एसटीने अकोल्याच्या पीएफ ऑफिसला जायच्या बेतात होता, कारण घराजवळचं ते!

आता दिवस. 'वीस दिवसांत पैसे' हे वाक्य सगळीकडे फिरतं. कर्मचारी भविष्य निधी योजना, १९५२ च्या परिच्छेद ७२(७) मध्ये वीस दिवस आहेत हे खरं, पण ते पूर्ण अर्जासाठी, अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून. अर्जात त्रुटी असेल तर त्याच वीस दिवसांत ती लेखी कळवायची आहे. म्हणजे वीस दिवसांत एकतर पैसे किंवा कारण. त्यात '२० दिवसांत' हे घाईत '२० तारखेला' असं वाचलं जातं, मी स्वतः ऐकलंय. म्हणून दिवस न लिहिता तारीख लिहा.

नोकरी सोडल्यावर अर्ज करण्याआधी थांबायचं असतं, तो काळ वेगळा. तो पूर्वी दोन महिने होता. केंद्रीय विश्वस्त मंडळाने १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत पूर्ण रकमेसाठी तो बारा महिने आणि पेन्शनच्या पैशासाठी छत्तीस महिने करायचं ठरवलं. तुमच्या अर्जाच्या दिवशी कोणता नियम चालू आहे ते पोर्टलवर बघा, जुना व्हिडिओ पाहून ठरवू नका. माझाही नको.

आता भाऊचंच उदाहरण घेऊ. समजण्यापुरता मेसेज असा धरा :

```
Claim: PF Final Settlement (Form-19)
Claim Id: PUPUN2507500XXXXX
Received on: 07-JUL-2025
Status: Under Process
```

याचं मराठी मी असं करून दिलं असतं : "नोकरी सोडल्यानंतरच्या पीएफच्या पूर्ण रकमेचा अर्ज (फॉर्म १९). नंबर PUPUN2507500XXXXX. अर्ज ७ जुलै २०२५ ला मिळाला. तपासणी चालू आहे, पैसे अजून सुटलेले नाहीत. २७ जुलैपर्यंत पैसे किंवा त्रुटीचं कारण यायला हवं. पेन्शनच्या अर्जाचा (फॉर्म १०सी) नंबर वेगळा आहे, तो वेगळा तपासा." मूळ चार ओळींपेक्षा लांब झालं, होऊ द्या. तुमच्यापैकी ज्यांचं ऑनलाईन सेवा केंद्र आहे, त्यांनी एवढं कागदावर लिहून द्यावं आणि त्याचे पैसे खुशाल घ्यावेत.

पीएफची मराठी एसएमएस सेवाही आहे. नोंदवलेल्या मोबाईलवरून ७७३८२९९८९९ वर EPFOHO UAN MAR पाठवलं की शिल्लक आणि शेवटची भरणा मराठीत येते. पण तो आकडा खात्यातल्या जमेचा आहे, अर्ज कुठे पोचला ते त्यात नसतं. 'मराठी मेसेजात पैसे दिसतात, म्हणजे मंजूर' असा अर्थ काढू नका.

भाऊचा फॉर्म १९ पुढे नामंजूर झाला, नावात फरक म्हणून. त्याने नाव दुरुस्त करून घेतलं, नवा नंबर घेतला, पैसे आले. तोवर घाणेवाल्याने तो घाणा दुसऱ्याला दिला होता आणि पुढच्याचा भाव बारा हजारांनी जास्त सांगितला. या वेळी भाऊने चेक लिहिण्याआधी बँकेत जाऊन पासबुक भरून घेतलं.