साहेबांना थोडक्यात, सहकाऱ्याला मोकळं, व्हेंडरला नीट लेखी

व्हिडिओत राहून गेलेला एक मुद्दा आज इथे मांडतो. आपण साहेबांना लिहिताना फार औपचारिक होतो आणि व्हेंडरला "भाऊ, माल कधी?" एवढंच टाकतो. माझ्या मते हे नेमकं उलटं आहे.

एक उदाहरण घ्या. तुम्ही 5,000 बॉक्सची ऑर्डर दिलीये. 12 तारखेला 3,200 च आले. 16 ला डिस्पॅच आहे. आज 13 तारीख.

साहेबांना "सर" आणि एक "विनंती" पुरे. "आपणांस सविनय कळविण्यात येते की" वाचेपर्यंत त्यांचा दुसरा फोन वाजतो. त्यांना निर्णय घ्यायचा असतो, म्हणून असं लिहा: "सर, 1,800 बॉक्स आलेले नाहीत, 16 चं डिस्पॅच अडू शकतं. उद्या दुपारपर्यंत आले नाहीत तर दुसरीकडून घेऊ का? बॉक्समागे 2 रुपये जास्त पडतील. आज संध्याकाळपर्यंत सांगावं, ही विनंती."

सहकाऱ्याशी अरे-तुरे असेल तर तसंच राहू द्या. एरवी "अरे" म्हणणाऱ्याने अचानक "आपण" लिहिलं, की समोरच्याला वाटतं हा आता साहेबांना सीसी करणार! "अरे, 1,800 बॉक्स कमी आलेत. 16 च्या गाडीत आधी कुठला माल भरायचा, ते चारपर्यंत सांग ना." सूर मोकळा ठेवा, पण वेळ सांगायला विसरू नका.

व्हेंडरशी मात्र कितीही घरोबा असू द्या, हा मेसेज नीट लिहा: "नमस्कार. पीओ क्र. 118 नुसार 5,000 बॉक्स 12 तारखेला येणे ठरले होते. 3,200 मिळाले. उरलेले 1,800 बॉक्स 14 तारखेला दुपारी 2 पर्यंत पोहोचवावेत व तसे आजच लेखी कळवावे. उशिरा आलेला माल स्वीकारला, तरी त्यामुळे होणाऱ्या नुकसानीची भरपाई मागण्याचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत."

शेवटचं वाक्य कोरडं वाटतं ना? पण भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 55 नुसार, ज्या करारात वेळ हाच कळीचा मुद्दा होता, तिथे उशिराचा माल तुम्ही काही न बोलता घेतला, तर त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. माल घेतानाच तसं कळवावं लागतं. "भाऊ, माल कधी?" मधून हे कळवलं जात नाही.

हे पाठवून झालं की फोन करा आणि मग खुशाल "भाऊ" म्हणा. गोडवा फोनवर राहू द्या, आकडे आणि तारखा लेखी असू द्या. तुमचा व्हेंडरला गेलेला शेवटचा मेसेज आत्ताच उघडून बघा. त्यात पीओ नंबर, नग आणि तारीख आहे का?