नऊवारीचा काष्टा आणि मिरवणुकीची चाल

डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने १९९९ च्या सुमारास गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा काढण्याची प्रथा सुरू केली. पुढे ती ठाणे, गिरगाव करीत राज्यातील लहानमोठ्या गावांपर्यंत पोहोचली आणि तिच्याबरोबर नऊवारी साडीही कपाटाबाहेर आली. कोल्हापूर-सांगलीकडील मराठीभाषक जैन घरांत आजीच्या पिढीपर्यंत नऊवारी हा नित्याचा वेश होता. नवापूर, चिंचपाडा या गुजरात सीमेलगतच्या पट्ट्यातील व्यापारी घरांत मात्र बहुधा सहावारी व सरळ पदर रुळलेला. त्यामुळे पाडव्याच्या यात्रेसाठी नऊवारी नेसू पाहणाऱ्या सुनेला घरात विचारायला कोणी नसते. ती दुकानातून साडी आणते, कोणाकडून तरी नेसवून घेते, आरशासमोर उभी राहते तोवर सारे सुरेख असते. देवळाची पहिली पायरी चढताना मागचा काष्टा निसटतो.

असे का होते, हे समजले तर बाकीचे सोपे आहे. सहावारीत दोन्ही पाय एकाच घेरात असतात. पाऊल लांब पडले की निऱ्या उघडतात आणि वाट देतात. नऊवारीत कापड पायांमधून मागे जाऊन कमरेला खोचलेले असते. पुढची खोच, पायांमधील कापड आणि मागची खोच हा एकच ताणलेला पट्टा होतो. पाय जवळ ठेवून, ताठ उभे राहून काष्टा खोचला, तर त्या पट्ट्याची लांबी उभ्या देहापुरतीच राहते. पाऊल उचलताच त्याला आणखी कापड हवे असते. ते मिळत नाही आणि जी खोच अधिक सैल ती सुटते. कोळी स्त्रिया बाजारात आणि शेतकरी स्त्रिया भाताच्या खाचरात काष्ट्यातच दिवसभर वावरत आल्या, कारण त्यांचा काष्टा वाकण्या-बसण्याच्या मापाने घेतलेला असे.

म्हणून नेसण्याचा क्रम नीट पाहावा. आत गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी किंवा लेगिंग असावे, परकर नको. मांड्या घासत नाहीत, हा त्याचा मोठा लाभ. इलॅस्टिकपेक्षा नाडीचा कपडा बरा. तो नसल्यास कमरेभोवती एक सुती नाडी स्वतंत्र बांधावी, कारण पुढील सर्व खोचा तिच्या आधाराने टिकतात. मग साडी पाठीमागून घेऊन छोटे टोक डाव्या हातात व पदराकडील लांब भाग उजव्या हातात धरावा आणि पुढे बेंबीजवळ घट्ट गाठ मारावी. ही गाठ सैल राहिली तर नंतर कितीही टाचण्या लावल्या तरी उपयोग नाही. त्यानंतर लांब भाग डावीकडून पाठीमागे नेऊन उजव्या काखेखालून पुढे आणावा आणि डाव्या खांद्यावर पदर घ्यावा. पदराची लांबी येथेच कायम करावी. पुढे उरलेल्या कापडाच्या निऱ्या घालून त्या खोचाव्यात.

येथे थोडा हिशोब उपयोगी पडतो. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. नितंबांजवळचा घेर ४० इंच असलेल्या मध्यम उंचीच्या स्त्रीला पहिला वेढा आणि गाठ मिळून सुमारे ५२ इंच लागतात. दुसरा वेढा, छातीवरून खांदा आणि मागे गुडघ्यापर्यंत पदर यांत आणखी १०० इंच जातात. उरले सुमारे १७० इंच, ते निऱ्या आणि काष्टा यांच्या वाट्याचे. पाच इंचांची एक निरी सुमारे दहा इंच कापड खाते, म्हणजे सोळा-सतरा निऱ्या. घेर दहा इंचांनी वाढला, तर दोन वेढ्यांमुळे ही शिल्लक जवळजवळ वीस इंचांनी घटते. अशा वेळी पदर आखूड घ्यावा, काष्ट्याच्या कापडात काटकसर करू नये. लांब पदराच्या हौसेने पायांची वाट आखडते, हा तोटा पहिल्या वळणावरच दिसतो.

आता काष्टा. दोन्ही पावले एका पावलाच्या अंतरावर ठेवून, गुडघे किंचित वाकवून उभे राहावे. निऱ्यांच्या मधला खालचा काठ उचलून पायांमधून मागे घ्यावा, त्याच्या बारीक चुण्या कराव्यात आणि पाठीच्या मधोमध नाडीच्या आत चार बोटे खोल खोचाव्यात. टाचणी लावायची तर कापडाच्या थरांसह आतल्या कपड्यातूनही घ्यावी. नुसत्या साडीला टोचलेली टाचणी ताण आल्यावर कापड फाडते. मग उकिडवे बसून उठावे आणि पाटावर किंवा उंबऱ्यावर पाय ठेवून चढावे. पोटावर गाठ ओढल्यासारखी वाटली, तर काष्टा तोकडा आहे. तो सोडून दोन बोटे सैल घ्यावा. पोटऱ्यांवर कापडाचा झोळ लोंबू लागला तर उलट करावे.

साडी कोणती, याबद्दल या घरांत दोन मते सहसा नसतात. अहिंसेच्या विचाराने रेशीम वर्ज्य मानणाऱ्या कुटुंबांना सुती साडी घ्यावी लागते, आणि चालण्याच्या दृष्टीनेही तीच अधिक सोयीची आहे. सुती कापडाची गाठ धरते, चुण्या जागेवर राहतात आणि चैत्रातल्या उन्हात घाम शोषला जातो. गुळगुळीत कृत्रिम धाग्याची साडी दिसते छान, पण खोच धरत नाही. नवी सुती साडी मात्र एकदा धुऊन कांजी काढून घ्यावी. ताठ कापडाचा काठ पोटरीला घासतो. शिवलेल्या तयार नऊवारीत खोच सुटण्याची भीती नाही, पण तिच्यात दोन बोटे सैल करण्याची सोय नसते. घेताना दुकानातच खाली बसून पाहावे.

पादत्राणाचा प्रश्न नेसण्याच्या आधीच सोडवावा, कारण काठाची उंची त्यावर ठरते. उंच टाचेवर मापलेला काठ देवळाच्या दारात पादत्राण काढताच जमिनीला टेकतो आणि पायाखाली येतो. वाटेत अनवाणी व्हावे लागणार असेल, तर माप अनवाणी पायावर घ्यावे. काठ घोट्याच्या हाडापाशी असावा, लेझीम खेळणारीने दोन बोटे वर घ्यावा. मागे पट्टा असलेली, सपाट, रबरी तळाची सँडल उत्तम. मोकळ्या चपलेची टाच मागचा काठ ओढते. कोल्हापुरी वेशाला शोभते, पण ती चामड्याची. चामडे न वापरणाऱ्यांना कापडी वा रेक्झिनच्या पट्ट्यांची जोडी मिळते. जोडी कोणतीही असो, आधी आठवडाभर घरात रोज थोडा वेळ घालून चालावे. नवी पट्टी मिरवणुकीतच अंगठ्याला लागते. पैंजणांची आकडी काठाच्या धाग्यात अडकते, म्हणून ती बाहेरच्या बाजूस वळवून ठेवावी.

चैत्र शुद्ध त्रयोदशीच्या महावीर जन्मकल्याणकाच्या रथयात्रेत अनेक जणी अनवाणी चालतात. तेथे सकाळची वेळ राखणे आणि डांबराऐवजी रस्त्याच्या कडेची सावली धरणे एवढेच हाती असते.

मिरवणुकीची चाल सलग नसते. दहा पावले चालायचे, ढोल थांबला की उभे राहायचे. उभे असताना पाय किंचित अलग ठेवले तर काष्ट्यावर ताण राहत नाही. पावले नेहमीपेक्षा आखूड आणि सरळ पुढे टाकावीत. पायरीशी निऱ्या डाव्या हाताने जराशा उचलाव्यात, पदर ओढू नये. एक गैरसोय मात्र टळत नाही. प्रसाधनगृहात काष्टा सोडावाच लागतो आणि एकटीला तो पुन्हा नीट खोचता येत नाही. निघण्यापूर्वी जाऊन यावे, बरोबर नेसणारी एक सोबतीण ठेवावी आणि तिच्या पिशवीत दोन जास्तीच्या टाचण्या असाव्यात.