‘बरे कर’ म्हणण्याची अदब

मुकुंदवाडीसारख्या मिश्र वस्तीत आजाऱ्याला पाहायला सगळ्याच धर्मांचे शेजारी येतात. घरातले वडीलधारे हलक्या आवाजात अरबी दुआ म्हणतात, तेव्हा उशाशी बसलेल्या शेजाऱ्याला अर्थ विचारावासा वाटतो. रमजानमध्ये ही वेळ अधिकच येते. आजाऱ्याला रोजा सोडण्याची मुभा आहे, आणि घरचे इफ्तारच्या वेळी त्याच्यासाठी हात पसरतात.

ही छोटी दुआ हजरत आयेशा यांच्या कथनातून बुखारी आणि मुस्लिम या हदीससंग्रहांत आली आहे. प्रेषित (स.) रुग्णावर उजवा हात फिरवत ती म्हणत. मराठीत ती अशी मांडता येईल :

हे अल्लाह, सर्व माणसांच्या पालनकर्त्या,
हा त्रास दूर कर.
यांना बरे कर. बरे करणारा तूच आहेस.
तुझ्या बरे करण्यावाचून दुसरे बरे होणे नाही.
असे बरे कर, की मागे कोणताही आजार उरू नये.

पहिली हाक ‘रब्बन्-नास’, म्हणजे माणसांचा रब. येथे ‘आमच्या’ किंवा ‘मोमिनांच्या’ असा शब्द घातला, तर मूळ अर्थ आकुंचित होतो. शेजारच्या कोणत्याही आजाऱ्यासाठी ही हाक तशीच राहते.

पुढे ‘शिफा’चे मूळ पाच वेळा येते. ‘आरोग्यदाता’, ‘रोगमुक्ती’, ‘स्वास्थ्य’ असे वेगवेगळे भारदस्त शब्द वापरले, तर ही साखळी तुटते. ‘बरे’ हा रोजच्या वापरातला शब्द पाचही जागी बसतो. अदब ‘तूच’मधल्या ‘च’ने आणि हाक आधी, मागणे नंतर या क्रमाने येते. ‘कृपया’ची गरज नाही, आणि ‘आपण’चीही नाही, मराठी माणूस देवाला ‘तू’च म्हणतो. अरबीत स्त्री-पुरुषानुसार सर्वनाम बदलते, मराठीत आदराचे ‘यांना’ दोघांनाही चालते. मात्र ‘नास’ आणि ‘बास’ यांचा जुळणारा नाद मराठीत येत नाही. तो ओढूनताणून आणू नये.

चौथी ओळ वाचून कोणी म्हणेल, मग डॉक्टर कशाला? उपचार करा, असे प्रेषितांनीच सांगितले आहे. औषध हे साधन, बरे करणे अल्लाहचे, एवढाच या ओळीचा अर्थ. म्हणून ‘औषधाने काही होत नाही’ असा सूर अनुवादात येता कामा नये.

शेवटी ‘सकम’ म्हणजे आजार. मूळ शब्दरचनेत तो अनिश्चित आहे, म्हणून ‘कोणताही’. ‘पूर्ण बरे कर’ असे लिहिले, तर ‘मागे उरणे’ हे चित्रच हरवते. ताप उतरतो, पण खोकला राहतो. जखम भरते, पण चालताना पाय दुखतो. घरातल्या माणसांना ही भीती ठाऊक असते. त्यांच्या मनातले नेमके तेच या शेवटच्या शब्दांत मागितलेले आहे.