सर्वाधिक वाचलं जाणारं पुस्तक कोणतं? शाळेच्या वाचनालयाची एक्सेल शीट

आपल्या देवघेव वहीवरून मुलं कोणतं पुस्तक जास्त नेतात हे पटकन सांगता येत नाही. ती शीटमध्ये भरली तर येतं. पण नुसती मोजणी करून थांबलात तर उत्तर चुकीचं येईल, असं माझं ठाम मत आहे.

आधी नोंद. पुस्तकाचं नाव दरवेळी टाइप करू नका. एकाने 'श्यामची आई' लिहिलं, दुसऱ्याने 'शामची आई', की शीट त्यांना दोन पुस्तकं समजते. पुस्तकावर दाखल क्रमांक असतोच, तोच भरा. Books शीटमध्ये क्रमांक आणि नाव एकदाच लिहा. एकाच पुस्तकाच्या सगळ्या प्रतींपुढे नाव कॉपी-पेस्ट करा. Issue शीटमध्ये तारीख, दाखल क्रमांक, नाव, विद्यार्थ्याचा रजिस्टर क्रमांक, परत तारीख आणि दिवस असे रकाने ठेवा. C2 मध्ये नाव आपोआप येईल, F2 मध्ये दिवस:

```
=VLOOKUP(B2,Books!A:B,2,FALSE)
=IF(E2="",TODAY()-A2,E2-A2)
```

परत तारीख रिकामी असेल तर आजपर्यंतचे दिवस मोजले जातात. हा भाग वगळला तर परत न आलेल्या पुस्तकांचे दिवस उणे दिसतात.

आता मोजणी. समजा, 120 दिवसांत एका पुस्तकाच्या 4 प्रती मिळून 24 वेळा गेल्या आणि दुसऱ्याची एकच प्रत 9 वेळा गेली. पहिलं जास्त लोकप्रिय वाटतं ना? पण पहिलं मुलं सरासरी 3 दिवसांत परत आणतात, म्हणजे 480 प्रत-दिवसांपैकी 72 दिवसच ते बाहेर होतं. दुसरं दरवेळी 12 दिवस ठेवलं जातं, म्हणजे 120 पैकी 108 दिवस बाहेर. मुलं ते मागत असतील, पण कपाटात नसतंच! नवी प्रत घ्यायची तर दुसऱ्याची. पहिलं इतक्या लवकर परत का येतं, ते मुलांना विचारा. कधी ते फक्त चित्रं पाहण्यापुरतं असतं, कधी छोटं असल्यामुळे एका बैठकीत संपतं.

भिवंडीत आणखी एक गोष्ट आहे. यंत्रमागावर काम करणाऱ्या कुटुंबांतली मुलं सणाला किंवा लग्नाला गावी जातात आणि पुस्तकही सोबत जातं. मग 40 दिवसांची एकच नोंद सगळी सरासरी फुगवते. ते पुस्तक आवडलं म्हणून नाही, तर मूल गावी होतं म्हणून. अशी नोंद काढू नका, शेऱ्याच्या रकान्यात 'गावी' लिहा आणि सरासरी काढताना ती वगळा. (हजेरीपट पाहिला की कारण लगेच कळतं.)

आणि एकदाही न गेलेली पुस्तकं रद्दीत टाकण्याची घाई नको. आधी ती कुलूपबंद कपाटाच्या वरच्या फळीत आहेत का बघा. महिनाभर खाली, मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवा आणि मग शीट पुन्हा उघडा.